रोलिंग फोरकास्ट आणि वार्षिक बजेट

झपाट्याने वाढणाऱ्या स्टार्टअपमध्ये पैशांचे नियोजन करण्याच्या या दोन पद्धती. वार्षिक बजेट मार्चअखेर मंजूर होते आणि एप्रिल ते मार्च बदलत नाही. रोलिंग फोरकास्टमध्ये महिन्याचे हिशेब बंद झाले की त्या महिन्यात प्रत्यक्ष आकडे बसतात आणि शेवटी एक नवा महिना जोडला जातो. त्यामुळे पुढचे 12 महिने कायम समोर असतात.

बजेटच्या तक्त्यात ओळी खर्च-उत्पन्नाच्या असतात: विक्री, माल, पगार, भाडे, जाहिरात. दर महिन्याखाली बजेट, प्रत्यक्ष आणि फरक असे तीन रकाने येतात. फोरकास्टच्या वरच्या ओळींत मात्र रुपये नसतात. तिथे ऑर्डरींची संख्या, सरासरी किंमत, कर्मचारी अशी गृहीतके असतात, त्यांवरून खालचे रुपये निघतात आणि सर्वांत खाली रोकड शिल्लक येते. ही शेवटची ओळच सर्वांत मोलाची.

कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारी राजारामपुरीतली एक काल्पनिक कंपनी घेऊ. जोडाची किंमत 1,500 रुपये, कारागिराला 700. बजेटमध्ये जूनला 1,200 ऑर्डरी धरल्या होत्या, आल्या 1,800. बजेट सांगते की विक्री 9 लाखांनी वाढली आणि मालाचा खर्च 4.2 लाखांनी हाताबाहेर गेला. हा दुसरा निष्कर्ष फसवा आहे, कारण दर जोडामागे 700 रुपयेच गेले, जोड तेवढे जास्त लागले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातला फोरकास्ट वेगळेच दाखवतो. पावसात चामड्याची चप्पल कमी खपते, म्हणून जुलैला 1,200 ऑर्डरी धरल्या. त्यांचे 18 लाख ऑगस्टमध्ये हाती येतील. सप्टेंबरच्या सणासुदीसाठी 2,400 जोड हवेत आणि कारागिरांना महिनाभर आधी पैसे द्यावे लागतात, म्हणजे ऑगस्टमध्येच 16.8 लाख. पगार, जाहिरात, कुरिअर मिळून आणखी 9 लाख. ऑगस्टच्या सुरुवातीची शिल्लक 6 लाख धरली, तरी महिनाअखेर 1.8 लाख कमी पडतात. मागणी वाढत असतानाच तिजोरी रिकामी होते, आणि हे महिनाभर आधी कळल्याने बँकेशी बोलायला किंवा कारागिरांना हप्त्याने पैसे देण्याचे ठरवायला वेळ मिळतो.

फोरकास्टचा मोठा धोका म्हणजे उद्दिष्टच सरकत जाणे. विक्री कमी झाली की अंदाज खाली आणला, मग चूक कुणाचीच उरत नाही. म्हणून मंजूर बजेट न बदलता शेजारी ठेवावे आणि दर महिन्याच्या फोरकास्टची प्रत जपावी. तीन महिन्यांपूर्वीचा अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहता चूक दरवेळी एकाच बाजूला दिसली, तर गृहीतकात खोट आहे. जवळचे महिने पडते आणि लांबचे उंचच उंच, हीसुद्धा तीच खूण. लांबच्या महिन्यांत प्रत्येक खर्चाचा तपशील भरण्यात वेळ घालवू नये. तिथे ऑर्डरी, पगार आणि रोकड एवढे पुरते.