‘गेट’चा अर्थ कुठे शोधायचा?

इंग्रजीतल्या ‘गेट’ या क्रियापदाबद्दल बरेचदा ऐकू येतं: “‘गेट’चे शेकडो अर्थ आहेत, यादी पाठ केल्याशिवाय इंग्रजी येणार नाही.”

यादी खोटी नसते, पण बोलताना ती कामी येत नाही. त्यापेक्षा ‘गेट’च्या लगेच पुढे काय आलंय ते बघा. नाम असेल तर बहुधा मिळणं: ‘आय गॉट अ लेटर’. मधे माणूस आला की आणून देणं: ‘गेट मी सम वॉटर’. ‘टू’ आणि जागा आली की पोहोचणं: ‘वी गॉट टू बर्डी’, म्हणजे नागपुरातल्या बर्डी भागात पोहोचलो. (‘होम’आधी मात्र ‘टू’ येत नाही, इथे बरेच जण चुकतात.)

विशेषण आलं की होणं. नागपुरात मार्चमध्ये ‘इट्स गेटिंग हॉट’ म्हटलं तर ऊन तापू लागलंय. इथे ‘मिळणं’ बसतच नाही. पडताळायचं तर ‘गेटिंग’च्या जागी ‘बिकमिंग’ घाला, वाक्य टिकतं. ‘रिसीव्हिंग’ घाला, मोडतं. तसंच ‘गॉट टू बर्डी’मध्ये ‘गॉट टू’ काढून ‘रीच्ड’ ठेवून बघा.

‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’ अशा जोड्या या युक्तीत येत नाहीत. त्या अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवाव्या लागतात.