ईएमएलईच्या फॉर्ममध्ये शहरांचा क्रम कसा लावायचा

युरोपियन मास्टर इन लॉ अँड इकॉनॉमिक्स, म्हणजे ईएमएलई, एका वर्षाचा आणि तीन टर्मचा कोर्स, टर्म वेगवेगळ्या शहरांत करायच्या. अर्ज करतानाच शहरांचे प्रेफरन्स द्यायचे असतात, आणि मागितलेलं शहर मिळेलच असं नाही. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या एसओपींमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, सगळ्यात कच्चा भाग हाच असतो.

पहिल्या टर्मला फार डोकं लावू नका. रॉटरडॅम घ्या, हॅम्बुर्ग घ्या नाहीतर बार्सिलोना, सुरुवातीचे मूळ विषय जवळपास सारखेच असतात, त्यामुळे तिथे दोन ओळी पुरतात. खरं वजन तिसऱ्या टर्मचं, कारण तेव्हा थिसिस असतो, म्हणून आधी थिसिसचा प्रश्न ठरवा आणि मग उलट मागे या.

आमच्याकडे पुण्याची एक वकील मुलगी आली होती. तिसऱ्या टर्मला तिने मुंबई टाकलेली, गोरेगावची आयजीआयडीआर ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था या कोर्सची पार्टनर आहे म्हणून, आणि कारण काय लिहिलं तर "नामांकित संस्था". (खरं कारण घरचं जेवण, हे तिने चहा पिताना सांगितलं!) मग विचारलं, थिसिस कशावर? तर म्हणाली, दिवाळखोरीच्या केसेस 330 दिवसांच्या मुदतीत का संपत नाहीत यावर. अगं, मग हेच लिही ना! आयजीआयडीआरमध्ये दिवाळखोरी कायद्यावर संशोधन झालंय, या केसेस चालवणाऱ्या एनसीएलटीचं मुंबई बेंच त्याच शहरात, आणि दिवाळखोरीची नियामक संस्था आयबीबीआयच्या तिमाही न्यूजलेटरमध्ये केसेसना लागलेल्या वेळेचे आकडे मिळतात.

तिसऱ्या टर्मसाठी तिचा दुसरा प्रेफरन्स वॉर्सा. इथे बहुतेक जण "मुंबई नाही मिळाली तर" असं लिहितात, ते नको. भारताचा दिवाळखोरी कायदा 2016 चा आणि पोलंडचा नवा रिस्ट्रक्चरिंग कायदाही जानेवारी 2016 पासून लागू, म्हणजे वॉर्सा मिळालं तर तोच प्रश्न दोन देशांच्या तुलनेचा होतो. पोलिश येत नाही हेही तिने सरळ लिहिलं, म्हणून निकाल वाचण्याऐवजी आकडेवारी आणि इंग्रजीतलं लिखाण वापरणार असं सांगितलं. थिसिस तोच राहिला, फक्त साहित्य बदललं.

लिहून झालं की शहराचं नाव खोडून दुसरं टाकून बघा, वाक्य तसंच चालत असेल तर ते काढा. "हॅम्बुर्गचं आंतरराष्ट्रीय वातावरण" रॉटरडॅमलाही चालतं, मुंबई बेंचचं वाक्य कुठेच चालत नाही.

घरभाडं क्रम लावताना जरूर बघा, फक्त एसओपीत लिहू नका. आणि फॉर्ममधला क्रम नि एसओपीतला क्रम शेजारी ठेवून जुळवा, शेवटच्या रात्री फॉर्म बदलतात आणि एसओपी जुनीच जाते, हे आम्ही दरवर्षी बघतो. पार्टनरची यादीही बदलते, चालू वर्षाची वेबसाइटवर बघूनच क्रम लावा.

आम्ही एसओपी लिहून देत नाही, तपासून देतो. येताना फॉर्मची प्रिंट आणि थिसिसचा प्रश्न एका ओळीत लिहून आणा.