मोठ्या गटाचे टेबल आरक्षण: नियमांची शब्दरचना

एकाच टेबलावर साधारण आठ-दहा किंवा त्याहून जास्त माणसे जेवायला येणार असतील, तर बरीच रेस्टॉरंटे नेहमीच्या बुकिंगपेक्षा वेगळे नियम लावतात. त्यांत तीन गोष्टी येतात: माणशी आगाऊ रक्कम, टेबल किती वेळ मिळणार याची मर्यादा आणि पदार्थ आधी ठरवून कळवणे. ही नोंद भारतातील, मुख्यतः शहरी महाराष्ट्रातील, बसून जेवायच्या रेस्टॉरंटांपुरती आहे. हॉलमधल्या समारंभात ठरलेल्या ताटांची हमी घेतली जाते. तो व्यवहार वेगळा.

मोठा गट खरोखर किती जागा घेतो, हे कळल्याशिवाय या नियमांचे कारण लक्षात येत नाही. चारही बाजूंना एकेक खुर्ची असलेली चौकोनी टेबले रांगेत जोडली की आतल्या कडेच्या खुर्च्या बाद होतात. दोन टेबले जोडली तर आठऐवजी सहाच जण बसतात. अठरा जणांसाठी अशी आठ टेबले लागतात आणि एरवी त्यांच्यावर बत्तीस माणसे जेवली असती. म्हणून अठरा जणांचा गट ऐनवेळी आला नाही, तर शनिवारी संध्याकाळी रेस्टॉरंटचा जवळजवळ एक भाग रिकामा राहतो. टेबले आधीच जोडून ठेवल्यामुळे दारात थांबलेल्या छोट्या कुटुंबांना आत घेता येत नाही.

आगाऊ रक्कम या तोट्यासाठी असते, आणि नियमात तसे म्हणणेच योग्य. पुष्कळ ठिकाणी ‘अॅडव्हान्स परत मिळणार नाही’ एवढे एकच वाक्य असते. ते रेस्टॉरंटच्याही हिताचे नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी तेवढ्याच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये मौला बक्ष खटल्यात इसाराच्या रकमेबाबत फरक स्पष्ट केला: वाजवी इसार जप्त करणे हा दंड ठरत नाही, पण जप्तीचे स्वरूप दंडाचे असेल तर कलम 74 लागू होते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘अन्याय्य करारा’ची व्याख्या आहे. प्रमाणाबाहेर मोठी अनामत आणि तोट्याशी मेळ नसलेला दंड या दोन्ही गोष्टी तिच्यात येतात. महिनाभर आधी रद्द केलेल्या बुकिंगचे टेबल पुन्हा भरता येते. तरीही पूर्ण रक्कम ठेवून घेणारे वाक्य या कसोटीवर टिकणे अवघड आहे.

रद्द करण्याची मुदत लिहिणे फारसे कठीण नसते. खरी भांडणे गट पूर्ण रद्द झाल्यावर होत नाहीत, तो लहान झाल्यावर होतात. पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाने आजीच्या पंचाहत्तरीसाठी शनिवारी साडेसातला अठरा जणांचे टेबल घेतले आणि माणशी 300 प्रमाणे 5,400 रुपये भरले, असे धरू. आकडा बदलायची मुदत गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत आहे. बुधवारी ते पंधरा जण येणार असे कळवतात. प्रत्यक्षात येतात बारा. आता तीन प्रश्न उभे राहतात. मुदतीत कमी केलेल्या तिघांचे 900 रुपये बिलातून वजा होणार का? ऐनवेळी न आलेल्या तिघांचे 900 कोणाचे? आणि त्या तिघांसाठी केलेल्या जेवणाचे पैसे वेगळे लागणार का?

चांगल्या नियमात तिन्ही उत्तरे लिहिलेली असतात. मुदतीत कमी केलेल्यांची रक्कम बिलात वळते आणि न आलेल्यांची रेस्टॉरंटकडे राहते. तिसऱ्या प्रश्नात मात्र पाय घसरतो. न आलेल्यांची आगाऊ रक्कमही ठेवायची आणि त्यांच्या ताटांचे पैसेही लावायचे, म्हणजे एकच तोटा दोनदा वसूल करणे होय. दोन्हींपैकी एकच घ्यावे. ठरलेले जेवण माणशी 700 रुपयांचे असेल, तर बारा जणांचे 8,400 होतात. त्यातून आलेल्यांचे 3,600 आणि मुदतीत वगळलेल्यांचे 900, असे 4,500 वजा होतात. कुटुंबाने द्यायचे राहतात 3,900 आणि कर. हा हिशेब बुकिंग घेणाऱ्याला तोंडी सांगता आला नाही, तर नियम अपुरा आहे असे समजावे.

वेळेच्या मर्यादेत ‘अंदाजे दोन तास’ हे सर्वांत निरुपयोगी वाक्य आहे. दोन तास कधीपासून? ठरलेल्या वेळेपासून, पहिला पाहुणा बसल्यापासून, की सगळे जमल्यापासून? मोठा गट एकदम येत नाही. कोणी पार्किंग शोधत असते, तर कोणाची गाडी पुलावर अडकलेली असते. त्यामुळे तासांऐवजी घड्याळातली वेळ लिहावी: टेबल साडेसात ते पावणेदहा, शेवटची ऑर्डर सव्वानऊपर्यंत. गट उशिरा आला तरी संपायची वेळ बदलत नाही, हेही सांगावे लागते. याची दुसरी बाजू मात्र बहुतेक नियमांत नसते: टेबल द्यायला किंवा जेवण आणायला रेस्टॉरंटकडून उशीर झाला, तर तेवढा वेळ वाढवून मिळेल. हे वाक्य नसेल तर मर्यादा एकतर्फी होते. केक कापणे आणि फोटो यांत वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. त्यामुळे प्रसंग कोणता आहे हे बुकिंग घेतानाच विचारलेले बरे.

पदार्थ आधी ठरवण्याचे कारण स्वयंपाकघरात सापडते. अठरा जणांची ऑर्डर एकाच केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, आत गेली की तंदूरवर आणि तव्यावर एकदम गर्दी होते, आणि तिचा त्रास बाकीच्या टेबलांनाही होतो. ब्रिटनमध्ये नाताळच्या मेजवान्यांसाठी प्रत्येक पाहुण्याच्या नावापुढे त्याची निवड लिहून मागवतात. आपल्याकडे भाज्या वाटून खातात, म्हणून तो नमुना जसाच्या तसा चालत नाही. इथे स्टार्टर आणि भाज्या एकूण प्लेटींच्या हिशेबाने ठरवाव्यात, रोटी आणि भात टेबलावरच सांगावे. नावानिशी यादी हवी ती जैन जेवणाची, उपवासाची आणि अॅलर्जीची. शेंगदाण्याची अॅलर्जी ‘इतर सूचना’ या रकान्यात दडली, तर ती आचाऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

निवड मुदतीत कळवली नाही तर काय होईल, हेही नियमात हवे. बहुधा रेस्टॉरंटचे ठरलेले जेवण दिले जाते. बाजारावर अवलंबून असलेल्या पदार्थांसाठी बदलाचे कलम लागते. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत पापलेट मिळेलच असे नाही. तेव्हा आदल्या दिवशी फोन करून, तेवढ्याच किमतीचा पर्याय ग्राहकाच्या संमतीने द्यावा.

वरच्या उदाहरणासाठी मजकूर असा लिहिता येईल:

‘शनिवार, सायं. 7:30, अठरा जण. माणशी 300 रुपये आगाऊ. ही रक्कम बिलातून वजा होईल. गुरुवारी सायं. 6 पर्यंत बुकिंग रद्द केल्यास पूर्ण रक्कम सात दिवसांत परत. तोपर्यंत संख्या कमी केल्यास त्या व्यक्तींची रक्कम बिलातून वजा. त्यानंतर रद्द केल्यास किंवा कोणी न आल्यास त्यांची माणशी 300 रुपये रक्कम परत मिळणार नाही. त्यांच्या जेवणाचा वेगळा आकार लागणार नाही. टेबल रात्री 9:45 पर्यंत आपले आहे. शेवटची ऑर्डर 9:15. आमच्याकडून उशीर झाल्यास तेवढा वेळ वाढवून देऊ. पदार्थांची निवड आणि अॅलर्जी असलेल्यांची नावे गुरुवारी सायं. 6 पर्यंत कळवावीत. निवड न कळवल्यास आमचे ठरलेले जेवण दिले जाईल.’

काही ठिकाणी याच मजकुरात ‘आठपेक्षा जास्त जणांना 10 टक्के सेवा शुल्क’ असे जोडलेले दिसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. गट मोठा आहे म्हणून हा नियम बदलत नाही.