बसवलेल्या वस्तूवर निऑनचा उजेड: या कामाची पार्श्वभूमी

रात्रीच्या फोटोत बाहेरून आणून बसवलेली वस्तू उपरी का वाटते, याचं कारण बहुतेक वेळा तिच्या कडांमध्ये नसतं. कातरकाम स्वच्छ असतं, सावलीही ठीक असते. पण शेजारी लाल निऑनची पाटी जळत असताना वस्तूवर त्या लालीचा मागमूस नसतो. आसपासची भिंत, जमीन, दाराची कड सगळं रंगलेलं आणि ही एकटी कोरडी. डोळ्याला हे लगेच खटकतं.

रंगीत वस्तूचा उजेड शेजारच्या पृष्ठभागावर उतरतो हे चित्रकारांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत याची स्पष्ट नोंद आहे: अपारदर्शक वस्तूचा पृष्ठभाग समोर असलेल्या वस्तूंच्या रंगाचा वाटेकरी होतो. निऑन मात्र विसाव्या शतकातलं. जॉर्ज क्लोद यांनी 1910 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या लावल्या, आणि पुढे रस्त्यांना रंगीत दिव्यांची सवय झाली.

गंमत अशी की सिनेमातल्या जोडकामात असा परका रंग बराच काळ शत्रू मानला गेला. नट निळ्या पडद्यासमोर उभा राहिला की पडद्याचा निळा उजेड त्याच्या खांद्यावर, केसांच्या कडेला चढायचा. दुसऱ्या दृश्यात बसवल्यावर तीच निळी कड चोरी उघडी पाडायची. पेट्रो व्लाहोस यांनी 1950च्या दशकाच्या शेवटी रूढ केलेल्या पद्धतीत यावर साधा उपाय होता: निळ्याचं प्रमाण हिरव्यापेक्षा जास्त होऊच द्यायचं नाही. ‘स्पिल’ हा शब्द जोडकाम करणाऱ्यांच्या तोंडी आला तो असा, काढून टाकायची घाण म्हणून. आजही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्पिल काढायचं बटण असतं. नव्या जागेचा स्पिल घालायचं मात्र बहुधा नसतं.

1984 मध्ये सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत या गोष्टीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी मांडल्या गेल्या. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अल्फा चॅनेल, म्हणजे चित्राचा प्रत्येक ठिपका खालचं किती झाकतो याची नोंद, वापरून एक चित्र दुसऱ्यावर ठेवायचं गणित दिलं. लेयर लावण्याचं आजचं सगळं काम त्यावर उभं आहे. पण ते गणित फक्त एवढंच सांगतं की कोण कोणाला किती झाकतो. उजेडाची त्याला खबर नसते. त्याच परिषदेत कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने रंगीत भिंतींची एक रिकामी पेटी संगणकावर रंगवून दाखवली. त्यात भिंतींचा रंग शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागांवर उतरलेला दिसत होता. एकीकडे चित्रं जोडायची सोय, दुसरीकडे रंग कसा झिरपतो याचा हिशेब. या दोघांची गाठ नीट पडायला आणखी चौदा वर्षं गेली.

ती 1998 मध्ये पॉल डेबेवेक यांच्या कामात पडली. खऱ्या जागेत आरशासारखा चकचकीत गोळा ठेवायचा, वेगवेगळ्या एक्सपोझरला त्याचे फोटो काढायचे आणि ते एकत्र करून तिथल्या प्रत्येक दिव्याची खरी ताकद व रंग नोंदवायचा. मग त्याच उजेडात नवी वस्तू रंगवायची. अनेक एक्सपोझर का, हा यातला कळीचा मुद्दा आहे. एकाच फोटोत जळणारी नळी कॅमेऱ्याच्या मर्यादेबाहेर जाते. लाल चॅनेल भरून वाहतो, मागोमाग हिरवाही भरतो, आणि नळीचा गाभा फिकट पिवळसर किंवा पांढुरका दिसतो. दिव्याचा खरा रंग तिथे शिल्लकच नसतो.

म्हणून ज्याच्याकडे तसा गोळा नाही, एकच फोटो आहे, त्याने आयड्रॉपर नळीवर टेकवू नये. पाटीजवळच्या पांढऱ्या किंवा राखाडी पृष्ठभागावर पडलेला रंग घ्यावा, जिथे एकही चॅनेल भरलेला नाही. भिंत स्वतःच पिवळी असेल तर तो पिवळेपणा उजेडाचा समजायची चूक होते, एवढं सांभाळायचं.

रंग मिळाला, आता तो वस्तूवर घालायचा कसा? इथे बरेच जण नव्या लेयरवर मऊ ब्रशने नारिंगी फासतात आणि मोड Color किंवा Screen ठेवतात. वस्तू राखाडी असली तर निभावतं. पण चहाचा एक निळा मग घ्या, त्यावर पांढरी अक्षरं. लिनिअर, म्हणजे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात मोजलेल्या, मूल्यांत निळा भाग लाल, हिरवा, निळा असा 0.06, 0.15, 0.55 उजेड परत फेकतो आणि अक्षरं तिन्हींत 0.8. निऑनचा उजेड 1.0, 0.25, 0.1 धरू. उजेड आणि वस्तूचा रंग यांचा गुणाकार होतो. अक्षरांवर 0.8, 0.2, 0.08 येतं, म्हणजे पडद्याच्या 0 ते 255 या मापात साधारण 231, 124, 80: झळझळीत नारिंगी. निळ्या भागावर मात्र 0.06, 0.04, 0.055, म्हणजे 69, 54, 66 च्या आसपास: काळपट, मळकट जांभळा. खरा निळा मग लाल पाटीखाली असाच मरगळतो. ब्रशने नारिंगी फासलेला मग मात्र सगळीकडे सारखाच उजळतो आणि स्टिकर चिकटवल्यासारखा दिसतो. अक्षरं आणि निळा भाग यांच्यातला फरक वाढला का, एवढं पाहिलं तरी काम बरोबर झालं की नाही ते कळतं.

तेव्हा क्रम असा: साध्या उजेडात टिपलेल्या वस्तूची एक प्रत घ्यायची, तिच्यावर निऑनचा रंग Multiply करायचा, पाटीकडे तोंड असलेल्या भागापुरता मास्क ठेवायचा आणि ती प्रत अंधाऱ्या केलेल्या मूळ वस्तूवर Add करायची. ही बेरीज लिनिअर मूल्यांतच हवी. पडद्यावर 128 असलेल्या जागी तेवढाच आणखी एक उजेड पडला तर खरं उत्तर 176 च्या आसपास येतं; फाइलमधले आकडे तसेच मिळवले तर थेट 255 गाठतं आणि रंग करपतो.

मास्क किती लवकर विरावा हे दिव्याच्या आकारावर ठरतं. लांब नळी वस्तूच्या अगदी जवळ असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर उजेड साधारण निम्मा होतो. नळीच्या लांबीच्या कितीतरी पट दूर गेलं की तो चौथाई होऊ लागतो. छोट्या बल्बाच्या सवयीने घातलेला उतार म्हणूनच लांब पाटीशेजारी फार घाईचा वाटतो.

चमक वेगळी हाताळावी लागते. स्टीव्हन शेफर यांनी 1985 मध्ये परावर्तनाचे दोन भाग वेगळे करून दाखवले: एक पदार्थाच्या आत शिरून त्याचा रंग घेऊन येणारा, दुसरा वरच्यावर परतणारा. प्लास्टिक, काच, चिनीमाती यांच्यावरची चमक दिव्याचाच रंग ठेवते. म्हणजे आपल्या मळकट जांभळ्या मगावर नळीची रेघ मात्र स्वच्छ नारिंगी दिसायला हवी, आणि ती गुणाकाराशिवाय वरून मिळवायची. पितळ, तांबं यांच्यासारख्या रंगीत धातूंच्या चमकेत धातूचा रंगही मिसळतो.

डेबेवेक यांच्या पद्धतीतला आणखी एक भाग लोक विसरतात. वस्तू ठेवण्याआधीची आणि ठेवल्यानंतरची जागा अशी दोनदा रंगवून त्यांतला फरक ते मूळ फोटोत मिळवत. त्यामुळे वस्तूने अडवलेला लाल उजेड जमिनीवरूनही कमी होतो. हाताने काम करताना सावली काळी करून भागत नाही: पाटीच्या उजेडाच्या सावलीत फक्त लाल उणा होतो, दुसऱ्या दिव्याचा निळसर उजेड तिथे उरतो. सावली निळसर दिसणं तिथे बरोबरच असतं.

गुणाकारालाही एक मर्यादा आहे. निऑनचा उजेड सलग नसतो. तो मोजक्या रेषांत येतो, त्यांतली एक ठळक रेघ 640 नॅनोमीटरपाशी. साध्या प्रकाशात सारखेच दिसणारे दोन लाल कापड त्या रेघेला वेगवेगळा प्रतिसाद देऊ शकतात आणि तीन चॅनेलच्या फोटोत ती माहिती नसते. सोडियमच्या कमी दाबाच्या दिव्यात हे टोकाला जातं. जवळजवळ सगळा उजेड 589 नॅनोमीटरच्या आसपास, त्यामुळे वस्तूचे रंग पुसले जाऊन नुसती उजळ-गडद छटा उरते. अशा दिव्याखाली वस्तू बसवताना तिचा रंग आधी पूर्ण काढून टाकावा आणि मग पिवळ्याने गुणावं.