फोटोच्या कडेला बसलेली आत्या

वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर मी आत्याचा एक फोटो काढला होता. आडवा, ४००० बाय ३००० पिक्सेलचा. आत्या उजवीकडच्या पायऱ्यांवर बसलेली, नजर डावीकडे नदीच्या पाण्यावर. स्टेटसला टाकायला तो उभा, म्हणजे ९:१६ च्या मापात हवा होता. ॲपने काही न विचारता मधला तुकडा उचलला. पाणी आलं, पायऱ्या आल्या, आत्या गेली.

हिशेब साधा आहे. उंची ३००० तशीच ठेवायची, तर रुंदी उरते जेमतेम १६८७ पिक्सेल. बाकीची निम्मी डावीकडून आणि निम्मी उजवीकडून जाते. मधला तुकडा सुरू होतो ११५६ व्या पिक्सेलला आणि संपतो २८४३ ला. आत्याचा चेहरा होता ३००० च्या आसपास. मध्यावर कापणाऱ्या प्रोग्रामला फोटोत काय आहे याच्याशी देणंघेणंच नसतं. तो फक्त लांबी-रुंदी वाचतो.

यावर उपाय म्हणजे आधी विचारायचं, की हा फोटो पाहणाऱ्याची नजर कुठे जाईल? त्या उत्तराच्या नकाशाला सॅलियन्सी नकाशा म्हणतात. फोटोतल्या प्रत्येक ठिकाणाला एक आकडा द्यायचा, लक्ष वेधणाऱ्या जागेला मोठा, सपाट पाण्याला किंवा आभाळाला लहान. १९९८ साली लॉरेंट इट्टी, क्रिस्टोफ कॉख आणि अर्न्स्ट नीबर यांनी याचं एक गाजलेलं प्रारूप मांडलं. त्यात उजेड, रंग आणि रेषांची दिशा या तीन गोष्टी तपासतात, पण प्रत्येक ठिकाणाची तुलना त्याच्या आजूबाजूशी करून. पांढऱ्या टोप्यांच्या गर्दीत एक लाल फेटा चटकन दिसतो. सगळेच फेटे लाल असतील तर एकही उठून दिसत नाही. हे तसंच.

या प्रारूपाला माणूस म्हणजे काय ते ठाऊक नाही. माझ्या फोटोत डावीकडे कुणाची तरी नारिंगी प्लास्टिकची बादली होती. रंगाच्या फरकावर चालणाऱ्या पद्धतीला आत्याच्या करड्या लुगड्यापेक्षा ती बादली भारी वाटू शकते. म्हणून नंतर न्यूरल नेटवर्कं आली. माणसांना फोटो दाखवायचे, त्यांच्या बुबुळांची हालचाल यंत्राने टिपायची आणि ती माहिती नेटवर्कला शिकवायची. माणसं चेहऱ्याकडे आणि अक्षरांकडे आधी बघतात, म्हणून ही नेटवर्कंही तेच शिकतात.

आता नकाशा तयार आहे असं धरू. कापायचं कसं? उंची पूर्ण घ्यायची असल्यामुळे प्रश्न फक्त डावीकडे-उजवीकडे सरकण्याचा आहे. फोटोचे उभे दहा पट्टे करू आणि प्रत्येक पट्ट्यातल्या आकड्यांची बेरीज घेऊ. आत्याच्या फोटोत समजा ती अशी आली:

```
1  2  2  1  1  2  4  9  6  2
```

नऊचा पट्टा म्हणजे आत्याचा चेहरा. डावीकडचे दोनाचे पट्टे म्हणजे ती बादली. आपली चौकट अंदाजे चार पट्ट्यांची. ती डावीकडून एकेक पट्टा सरकवायची आणि दरवेळी आतले आकडे मिळवायचे:

```
6  6  6  8  16  21  21
```

मधली चौकट चौथी, तिच्या वाट्याला ८. शेवटच्या दोन चौकटींना २१. पूर्ण फोटोची बेरीज ३०, म्हणजे लक्ष वेधणाऱ्या ऐवजातला ७० टक्के भाग एका उभ्या चौकटीत मावला. बरोबरीतल्या दोन चौकटींपैकी मी डावीकडची घेईन, कारण आत्या डावीकडे बघते आहे आणि नजरेसमोर थोडी मोकळी जागा हवी. हे मला कळतं, बेरजेला कळत नाही.

घरी करून बघायचं असेल तर libvips हे मोफत साधन आहे. त्यात एका ओळीत काम होतं:

```
vipsthumbnail ghat.jpg --size 1080x1920 --smartcrop attention -o story.jpg
```

हे साधन नेटवर्क वापरत नाही. फोटो अगदी छोटा करून ते ठळक कडा, भडक रंग आणि कातडीसारख्या छटा शोधतं. जलद आहे, पण लाकूड, वाळू आणि विटाही कातडीच्या छटेत सापडतात. शिवाय ते चौकटीची बेरीज करत नाही, सर्वांत मोठा आकडा असलेला एक बिंदू शोधून चौकट त्याच्याभोवती बसवतं. एकटी आत्या असेल तर दोन्ही रीतींचा निकाल जवळपास सारखाच. घोळ होतो माणसं दोन असली की.

दुसऱ्या फोटोत आत्या आणि काका घाटाच्या दोन टोकांना बसले आहेत असं समजा:

```
1  8  5  1  1  1  1  5  9  1
```

चौकटी सरकवल्या की येतात १५, १५, ८, ४, ८, १६, १६. डावीकडे आत्याला १५, उजवीकडे काकांना १६. फरक फक्त एकाचा, पण निकाल अर्धा-अर्धा होत नाही: काका पूर्ण राहतात, आत्या पूर्ण जाते. नकाशातला बारीकसा कल कापताना सगळं किंवा काहीच नाही असा होतो.

ट्विटरवर हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी सॅलियन्सीवर फोटो कापायला सुरुवात केल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२० मध्ये लोकांनी लांबच लांब उभे फोटो टाकून पाहिले: एका टोकाला कृष्णवर्णीय बराक ओबामा, दुसऱ्या टोकाला अमेरिकेचे गोरे सिनेटर मिच मॅकॉनेल, मध्ये पांढरी जागा. चेहऱ्यांची जागा अदलाबदल केली तरी कापलेल्या तुकड्यात मॅकॉनेलच दिसत होते. कंपनीच्या संशोधकांनी मग चेहऱ्यांच्या जोड्या लावून मोजलं आणि मे २०२१ मध्ये आकडे जाहीर केले. समसमान निवडीच्या तुलनेत स्त्रियांकडे ८ टक्के आणि गोऱ्या लोकांकडे ४ टक्के कल निघाला. यंत्र स्त्रियांच्या शरीरावर रोखून कापतं का, हेही तपासलं. तसा पद्धतशीर प्रकार दिसला नाही. प्रत्येक गटातल्या १०० फोटोंमागे सुमारे ३ फोटो डोकं सोडून भलतीकडे कापलेले होते, आणि तेही बहुधा खेळाडूच्या जर्सीवरच्या नंबरासारख्या गोष्टीवर. अक्षरांची ओढ ती हीच.

४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण ट्विटरचंही यंत्र सर्वांत मोठ्या आकड्याचा एकच बिंदू निवडत होतं, आणि १५ विरुद्ध १६ च्या खेळात किरकोळ असं काही उरत नाही.

म्हणून माझ्या मते प्रोग्रामने कापण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. सर्वोत्तम चौकटीत एकूण बेरजेचा किती हिस्सा आला? पहिल्या फोटोत ७० टक्के, दुसऱ्यात ३३ पैकी १६, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आणि जवळपास तेवढेच गुण मिळवणारी दुसरी चौकट लांब कुठे उभी आहे का? दुसऱ्या फोटोत आहे, पार विरुद्ध टोकाला. अशा वेळी या मापात बसणारा चांगला तुकडाच अस्तित्वात नसतो. नकाशा कितीही सुधारला तरी दोन टोकांची माणसं चार पट्ट्यांत मावत नाहीत. ट्विटरनेही शेवटी मोबाइलवर नेहमीच्या मापाचे फोटो न कापता पूर्ण दाखवायला सुरुवात केली.

आत्या-काकांचा फोटो मी तसाच आडवा ठेवला आणि वर-खाली काळे पट्टे सोडून स्टेटसला टाकला. एवढे काळे पट्टे कशाला, असं आत्याने विचारलंच.