पीडी-एल१ ६० टक्के म्हणजे कॅन्सर ६० टक्के पसरला असे नाही

नागपुरात फुप्फुसाच्या कॅन्सरची बायोप्सी झाली की गोंदिया-चंद्रपूरहून आलेले नातेवाईकही रिपोर्टमधल्या एका आकड्याजवळ अडतात: पीडी-एल१ टीपीएस ६० टक्के. बरेच जण तो कॅन्सरचा पसारा समजतात आणि घाबरतात. खरं तर तो औषध निवडण्याचा आकडा आहे.

आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. कॅन्सरची पेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन मांडते. दोघं जुळले की टी-पेशी हल्ला थांबवते. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध पीडी-१ला चिकटून ही जुळणी होऊ देत नाही. म्हणून ती इम्युनोथेरपी. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने विकले जाणारे काढे ही जुळणी तोडत नाहीत. त्यांच्या नादात उपचार लांबवू नका.

आता मोजणी. पॅथॉलॉजिस्ट बायोप्सीचा पातळ काप घेऊन पीडी-एल१ला चिकटणारी अँटिबॉडी लावतात. जिथे ती चिकटते तिथे तपकिरी रंग चढतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, की कॅन्सरच्या जिवंत पेशींपैकी किती जणींच्या कडेला रंग आहे. ही टक्केवारी म्हणजे टीपीएस. रंग फिका असला, कड अर्धवट रंगलेली असली तरी ती पेशी धरायची. नुसता आतला भाग रंगला तर धरायची नाही. किमान १०० जिवंत कॅन्सरपेशी हव्यात, नाहीतर नमुना अपुरा.

खरी कसोटी मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींची. फुप्फुसात त्या भरपूर असतात आणि त्यांनाही पीडी-एल१चा रंग येतो. समजा, कापात कॅन्सरच्या २०० पेशी आहेत आणि ८० रंगल्या आहेत. टीपीएस ४० टक्के. शेजारचे १०० रंगलेले मॅक्रोफेज चुकून कॅन्सरपेशी धरले, तर ३०० पैकी १८०, म्हणजे ६० टक्के! म्हणून शंका आली की शेजारचा नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगाचा काप समोर ठेवून पेशीचा आकार आणि केंद्रक जुळवून पाहतात.

हा फरक महत्त्वाचा, कारण ५० टक्क्यांवर वाट बदलते. ५० किंवा जास्त असेल तर पेम्ब्रोलिझुमॅब एकट्याने देता येतं. त्याखाली सहसा केमोथेरपीची जोड लागते. शून्य आला तरी त्या जोडीचा मार्ग बंद होत नाही. उलट, वरचा आकडा हमी देत नाही: किमान ५० टक्के टीपीएस असलेल्यांवरच्या २०१६च्या कीनोट-०२४ चाचणीत एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबने सुमारे ४५ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, केमोने सुमारे २८ टक्के. शिवाय सुईने काढलेला तुकडा इवलासा असतो, आणि त्याच गाठीच्या दुसऱ्या कोपऱ्यात रंग वेगळा असू शकतो.

त्या चाचणीत ईजीएफआर किंवा एएलके जनुकात बिघाड असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. अशा रुग्णांत टीपीएस ८० आला तरी एकटी इम्युनोथेरपी बहुधा फारशी चालत नाही. त्यांना आधी त्या बिघाडावरच्या गोळ्या देतात. इम्युनोथेरपी आधी देऊन लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआर बिघाडावरची गोळी सुरू केली, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. त्यामुळे टीपीएस हातात असला आणि जनुकांचा रिपोर्ट यायचा असला, तर रुग्णाची तब्येत थांबण्याजोगी आहे का, हे डॉक्टरांना विचारून तो रिपोर्ट येऊ द्यावा.