चवथीआधीची खरखर

डिचोलीच्या काकांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर वर्षभर कपाटावर असतो आणि चवथीला खाली उतरतो. यंदा आवाजाचं बटण फिरवलं की दोन्ही स्पीकरमधून खर्र-खर्र येऊ लागलं. बटण सोडलं की शांत.

या बटणामागे पोटेन्शिओमीटर असतो, मेकॅनिक ज्याला 'पॉट' म्हणतात. आत कार्बनची घोड्याच्या नालेसारखी वळलेली पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी धातूची बारीक जीभ. स्टिरिओत एकाच दांड्यावर अशा दोन जोड्या. जीभ पट्टीवर कुठे टेकते त्यावर आवाज किती पुढे जायचा ते ठरतं. गोव्याच्या पावसाळी, खारट हवेत जिभेवर ऑक्साइड चढतो, धूळ चिकटते. मग सरकताना ती क्षणभर पट्टीपासून तुटते, पुन्हा टेकते. तीच खरखर.

प्लग काढून आम्ही अर्धा तास थांबलो, कारण आतले मोठे कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतात. मीटर लावून ते रिकामे झाल्याची खात्री केली आणि मगच हात घातला. (वाल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये तिथे शेकडो व्होल्ट असतात, तो जाणकाराकडेच न्यावा.) पॉटच्या पायांवर, डबीला जी फट असते, तिथे नळी टेकवून इलेक्ट्रॉनिक्सच्या कॉन्टॅक्ट क्लीनरची एकच छोटी फवारणी केली. काका दांड्यावरूनच मारायला निघाले होते, त्यांना थांबवलं. दांड्याला जाड ग्रीस असतं, बटण त्यामुळे मऊ फिरतं. ते धुऊन गेलं की बटण सैल पडतं आणि विरघळलेलं ग्रीस पट्टीवर उतरतं. गंज सोडवणारा तेलकट स्प्रेही नको, त्यावर धूळ आणखी चिकटते. मग बटण तीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. क्लीनर मळ सैल करतो, पण तो पुसला जातो जिभेच्या घासण्यानेच. खिडक्या उघड्या, देवापुढची समई विझवलेली, कारण बरेच क्लीनर पेट घेतात. तासभर वाळू दिलं.

उजवा स्पीकर स्वच्छ झाला, डावा नाही. गाणं न लावता बटण फिरवलं तरी तो खरखरत होता. हे मळाचं लक्षण वाटेना, कारण पट्टीवर विद्युतदाबच नसेल तर जीभ तुटूनही आवाज कसला? चालू अँप्लिफायरवर पॉटच्या दोन टोकांमध्ये डीसी मोजला. उजवीकडे जवळजवळ शून्य, डावीकडे 60 मिलिव्होल्ट. त्यातले 20 जरी जिभेच्या उडीत सापडले आणि पुढे 25 पट वाढले, तरी स्पीकरला अर्ध्या व्होल्टचा धक्का. पॉटच्या आधीचा 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गळत होता. त्याचं काम गाणं जाऊ देणं आणि डीसी अडवणं. तेवढ्याच क्षमतेचा, तितक्याच व्होल्टचा नवा, प्लस-मायनस बघून बसवला.

आता फक्त एकाच जागी, खालच्या आवाजावर, किंचित कुरकुर उरली आहे. काकांचं बटण वर्षानुवर्षं तिथेच असे. तिथला कार्बन झिजला आहे, आणि त्यावर क्लीनर काही करू शकत नाही. तितक्याच ओमचा लॉग पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणासाठी वापरतात तो प्रकार, म्हापशाला मिळतो का, ते काका शुक्रवारच्या बाजाराला गेले की बघणार आहेत.